पाव तासाचं पंचिंग आणि महिन्याचा हिशोब

गेटवरच्या यंत्रावर ७:५३ ला बोट टेकवलं, तरी पगाराच्या हिशोबात आठ वाजतात. संध्याकाळी ४:३६ ला बाहेर पडताना पुन्हा बोट टेकवलं, तर हिशोबात साडेचार. दुसऱ्या एखाद्या दिवशी ८:०७ ला पोहोचलेल्या माणसाचेही आठच धरले जातात, म्हणजे त्याला सात मिनिटं फुकट मिळतात. आतबाहेरच्या वेळा जवळच्या पाव तासाला नेऊन बसवण्याची ही पद्धत अनेक कारखान्यांत आणि कार्यालयांत आहे. टाइम ऑफिसात तिच्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : कधी तुमची जातात, कधी कंपनीची जातात, महिन्याला बरोबर होतं. हे उत्तर तपासून पाहता येतं, आणि त्याला फार गणित लागत नाही.

पद्धतीचा उगम कागदात आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हजेरीची घड्याळं आली. न्यूयॉर्क राज्यातल्या विलर्ड बंडी यांच्या घड्याळाचा धंदा पुढे विलीनीकरणांतून आयबीएम कंपनीच्या पूर्वजांमध्ये जाऊन मिळाला. पुढे कार्डाची घड्याळं आली, ती कार्डावर वेळ छापायची, पण बेरीज कारकुनाला हातानेच करावी लागे. शेकडो कार्डांवरची ७ तास ५३ मिनिटं, ८ तास ११ मिनिटं अशी बेरीज आणि वर दराचा गुणाकार म्हणजे डोक्याला ताप. त्यापेक्षा पाव, अर्धा, पाऊण सोपं. आज ही अडचण उरलेली नाही. बोटाचं किंवा चेहऱ्याचं यंत्र मिनिट टिपतं, अनेक यंत्रं सेकंदही टिपतात. पाव तास नंतर, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. म्हणजे खरी वेळ आधी नोंदली जाते आणि मग बदलली जाते. पुढच्या तपासणीला याचा उपयोग होणार आहे, कारण मूळ नोंद यंत्रात शिल्लक असते.

एक्सेलमध्ये हा नियम एका ओळीत बसतो. दिवसात ९६ पाव तास असतात, त्यामुळे वेळेला ९६ ने गुणायचं, जवळची पूर्ण संख्या घ्यायची आणि पुन्हा ९६ ने भागायचं :

```
=ROUND(A2*96,0)/96
```

पावावर सात मिनिटांपर्यंत असेल तर मागे, आठ किंवा जास्त असेल तर पुढे. वरवर वाटतं की सात आणि आठ यांत कुणाला तरी एक मिनिट जास्त मिळत असेल. तसं होत नाही. पावावर एक ते सात मिनिटं असतील तर वेळ तेवढी मागे सरकते, आठ ते चौदा असतील तर सात ते एक मिनिटं पुढे सरकते. दोन्ही बाजूंची बेरीज अठ्ठावीस येते आणि शून्यावरचं मिनिट जागच्या जागी राहतं. पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे बरोबर मध्यावर येणारं मिनिटच नाही. अर्ध्या तासाला पूर्णांक केला असता तर पंधरावं मिनिट कुणाचं, हा वाद उभा राहिला असता. पाव तासात तोही नाही. नियम स्वतः सरळ आहे, हे आधीच मान्य करावं लागतं.

आता माणसं कुठल्याही मिनिटाला आली असती, म्हणजे पंधराही मिनिटं सारखीच संभाव्य असती, तर काय झालं असतं ते पाहू. प्रत्येक पंचमागे होणारी चूक कधी इकडे, कधी तिकडे, साधारण सव्वाचार मिनिटांच्या आकाराची असते. महिन्यात २६ दिवस काम धरलं तर पंच होतात ५२. उलटसुलट चुका एकमेकींना खात जातात, पण पूर्ण खात नाहीत. उरणारी चूक पंचांच्या संख्येइतकी नव्हे, तर तिच्या वर्गमुळाइतकी वाढते. ५२ चं वर्गमूळ साधारण ७.२, त्याला सव्वाचारच्या आसपासने गुणलं की येतात सुमारे ३१ मिनिटं. म्हणजे प्रामाणिक, निःपक्ष पूर्णांकातसुद्धा महिन्याच्या शेवटी तुमचा हिशोब बरोबर शून्यावर येत नाही. तीनपैकी साधारण दोन महिने तो अर्ध्या तासाच्या आत वरखाली असतो, आणि शंभरातल्या पंचाण्णव महिन्यांत एका तासाच्या थोडं पुढे, ६२ मिनिटांच्या आत. ‘महिन्याला बरोबर होतं’ या वाक्याचा खरा अर्थ एवढाच. २०८ तासांच्या महिन्यात अर्धा तास म्हणजे पाव टक्का, आणि तो कुणाच्याही बाजूने पडू शकतो. यावर भांडण करावं असं मला वाटत नाही.

त्यापुढची अडचण मात्र मोठी आहे. माणसं कुठल्याही मिनिटाला येत नाहीत.

लोहारा एमआयडीसीतल्या एखाद्या काल्पनिक कारखान्याची पाळी घ्या : सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार, मध्ये अर्धा तास जेवण, काम आठ तास, आठवड्याला सहा दिवस. जेवणाचं पंचिंग सध्या बाजूला ठेवू. मजुरी हिशोबाला सोपी म्हणून दिवसाला ४८० रुपये धरू, म्हणजे एका मिनिटाचा एक रुपया. इथे दोन कामगार आहेत. एक बाई घाटंजीकडून सकाळच्या एसटीने येते. त्या गाडीनंतरची गाडी पाळीला उपयोगाची नाही, त्यामुळे गाडी वेळेवर असली की ती आठच्या आधीच गेटवर असते. दुसरा कामगार लोहाऱ्यातच राहतो आणि सायकलने येतो.

बाईचे सहा दिवसांचे आत येण्याचे पंच असे : ७:५३, ७:५५, ७:५४, ७:५६, ७:५३, ७:५५. सगळे आठवर जातात. तिची गेलेली मिनिटं सात, पाच, सहा, चार, सात आणि पाच, एकूण ३४. बाहेर पडतानाचे पंच ४:३४, ४:३६, ४:३३, ४:३७, ४:३५, आणि शनिवारी मशीन पुसून ठेवण्यात उशीर झाला म्हणून ४:३९. पहिले पाच साडेचारवर आले, २५ मिनिटं गेली. शनिवारचा ४:३९ मात्र पावणेपाचवर गेला आणि तिला सहा मिनिटं जास्त मिळाली. बाहेरच्या बाजूचा निव्वळ तोटा १९, आठवड्याचा एकूण तोटा ५३ मिनिटं. असेच २६ दिवस गेले तर सुमारे २३० मिनिटं, म्हणजे चार तासांना दहा मिनिटं कमी.

सायकलवाल्याचे पंच पाहा. आत : ८:०२, ७:५९, ८:०४, ८:०१, ७:५८, ८:०३. त्याला सात मिनिटं जास्त मिळाली. बाहेर : ४:३१, ४:३०, ४:३२, ४:३१, ४:२९, ४:३२. इथे पाच मिनिटं गेली. आठवड्याला दोन मिनिटांचा फायदा, महिन्याला नऊच्या आसपास. त्याच्यासाठी टाइम ऑफिसचं वाक्य शब्दशः खरं आहे. दोघांना नियम एकच लागू होतो, पण एकाचा हिशोब नऊ मिनिटांच्या आत जुळतो आणि दुसरीचे जवळपास चार तास जातात.

फरक पडतो तो पंच कुठे गोळा होतात यामुळे. एसटीचं वेळापत्रक बाईला रोज आठच्या आधीच्या सात मिनिटांतच आणून सोडतं. संध्याकाळी पाळी संपल्यावर बदली कामगाराच्या हाती मशीन देणं, हात धुणं आणि गेटवरची रांग यांत तिची चार-सहा मिनिटं जातात आणि ती साडेचारनंतरच्या सात मिनिटांतच पडतात. दोन्ही टोकांना चूक एकाच दिशेची होते. उलटसुलट चुका वर्गमुळाने वाढतात, एकाच दिशेच्या चुका दिवसांच्या संख्येने वाढतात. महिन्याचं वर्ष केलं की निःपक्ष पूर्णांकाची चूक ३१ वरून साधारण १०८ मिनिटांवर जाते. बाईचा तोटा मात्र सरळ बारापट होऊन ४६ तासांवर पोहोचतो. मुदत वाढवली की हिशोब समतोल होत जातो हा समज इथे उलटा ठरतो.

यात लेट मार्क आला की राहिलेला तोलही जातो. ‘तीन लेट मार्कला अर्धा दिवस’ हा नियम कारखान्यांपासून बँकांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो लागू झाला की सायकलवाला ८:०३ ला येणं सोडतो आणि ७:५५ ला येऊ लागतो. पूर्णांकात कामगाराला जी मिनिटं मिळण्याची शक्यता होती, ती आठनंतरच्या सात मिनिटांत होती. तिथे यायला मनाई झाली. राहिली ती आठच्या आधीची सात मिनिटं, आणि तिथे फक्त तोटा. म्हणून पूर्णांकाचा नियम सरळ असूनही, शिस्तीचा नियम त्याच्या शेजारी बसला की तो एकतर्फी होतो. टाइम ऑफिसातल्या कुणाच्या मनात खोट असायलाच हवी असं नाही.

मनात खोट असेल तर ती सूत्रात दिसते. काही ठिकाणी ‘जवळचा पाव तास’ असं सांगतात, पण आत येण्याची वेळ नेहमी पुढच्या पावाला आणि बाहेर जाण्याची नेहमी मागच्या पावाला नेतात. एक्सेलमध्ये आतसाठी CEILING आणि बाहेरसाठी FLOOR दिसलं तर समजावं की हा पूर्णांक नाही. माणसं कुठल्याही मिनिटाला येत असली तरी यात प्रत्येक पंचमागे सरासरी सात मिनिटं जातात, दिवसाला चौदा, २६ दिवसांत ३६४, म्हणजे सहा तासांच्या वर. ते ओळखण्याची खूण सोपी आहे : महिनाभरात एकदाही तुमची नोंदलेली वेळ तुमच्या फायद्याची निघाली नाही, तर शंका घ्यावी.

एक आक्षेप रास्त आहे. ७:५३ ला गेटवर बोट टेकवलं म्हणजे ७:५३ ला काम सुरू झालं असं नाही. डबा ठेवणं, चहा, गप्पा, यांचे पैसे मालकाने का द्यावेत? मान्य. म्हणून सकाळची ३४ मिनिटं पूर्ण सोडून देऊ आणि फक्त संध्याकाळचा विचार करू, जिथे बाई मशीनवर होती असं धरायला जागा आहे. आठवड्याला १९ मिनिटं, महिन्याला ८२. एकाच बाजूच्या २६ पंचांमध्ये निव्वळ योगायोगाने २२ मिनिटांची चूक अपेक्षित असते, ४४ पर्यंतही कुरकुर करू नये. ८२ योगायोगात बसत नाही. त्यात या मिनिटांचा भावही वेगळा आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर दुप्पट दर द्यावा लागे, आणि सहा दिवस आठ तास म्हणजे बरोबर ४८. त्यापुढचं प्रत्येक मिनिट ओव्हरटाइमचं. त्या दराने ८२ मिनिटांचे आपल्या उदाहरणात १६४ रुपये होतात.

जेवणाच्या सुट्टीतही पंच मारावा लागत असेल तर पाव तास आणखी एक गोष्ट करतो. कोणी १२:५२ ला बाहेर पडलं आणि १:०८ ला परत आलं. पहिला पंच १२:४५ होतो, दुसरा १:१५. माणसाला सुट्टी मिळाली सोळा मिनिटांची, कागदावर दिसते अर्ध्या तासाची. कारखाना कायद्याच्या ५५ व्या कलमात पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. निरीक्षकाने पूर्णांक केलेली नोंद पाहिली तर त्याला सगळं नियमात दिसेल. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एएमएन सर्व्हिसेस या कंपनीच्या खटल्यात जेवणाच्या सुट्टीचे पंच पूर्णांकात धरायला मनाई केली. सुट्टी छोटी असते, तिच्यातली काही मिनिटंही मोठी असतात, असा त्यामागचा विचार होता.

अमेरिकेचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण आपल्याकडे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पाव तासाची जी खिडकी असते तिची वैचारिक पाठराखण तिकडच्या नियमात सापडते. तिथल्या केंद्रीय नियमावलीत पाच मिनिटांना, तासाच्या दहाव्या भागाला किंवा पाव तासाला पूर्णांक करायला मुभा आहे. अट अशी की काही काळात सरासरीने कामगाराला त्याच्या खऱ्या कामाचे पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. म्हणजे तिथला कायदाच सरासरीवर उभा आहे. तरीही २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने होम डेपो या दुकानसाखळीविरुद्धच्या खटल्यात वेगळा सूर लावला. त्या कामगाराची साडेचार वर्षांत ४७० मिनिटं गेली होती, महिन्याला नऊही नाही. पण कंपनीकडे मिनिटामिनिटाची नोंद आहे, तर प्रत्येक मिनिटाचे पैसे का देऊ नयेत, असा न्यायालयाचा रोख होता.

भारतीय कायद्याचा पाया मात्र सरासरी नाही, आणि त्यामागे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आहे. गिरणी कामगारांच्या जुन्या तक्रारींत ‘डबल खाडा’ हा शब्द येतो. एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी काही गिरण्यांत रीत होती. दंड आणि कपाती हा विषय १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे आला. ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. १९३१ मध्ये अहवाल आला आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. त्याचं नववं कलम गैरहजेरीच्या कपातीचं होतं. माणूस जितका वेळ गैरहजर होता त्याच्या प्रमाणापेक्षा जास्त कपात कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही, असं ते सांगायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या विसाव्या कलमात हीच मर्यादा आहे.

आता पाव तास या कलमासमोर ठेवा. ८:०८ ला आलेल्या माणसाची वेळ ८:१५ धरली, तर आठ मिनिटांच्या गैरहजेरीला पंधरा मिनिटांची कपात झाली. प्रमाण जवळपास दुप्पट, म्हणजे पाव तासापुरता डबल खाडाच. ‘पण काल तुझी ८:०७ ची आम्ही आठ धरली होती’ असं टाइमकीपर म्हणू शकतो, पण कलमाचे शब्द ‘कोणत्याही परिस्थितीत’ असे आहेत. एका दिवशी दिलेल्या सवलतीने दुसऱ्या दिवशीची जादा कपात भरून निघते, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. माझ्या वाचनाप्रमाणे उशिराच्या बाबतीत आपल्या कायद्यात पूर्णांक फक्त कामगाराच्या बाजूने करता येतो. तीन लेट मार्कला अर्धा दिवस हे तर सरळच अडचणीत येतं. तीन दिवसांचा मिळून बारा मिनिटांचा उशीर आणि रजा शिल्लक नसेल तर पगारातून २४० मिनिटं, म्हणजे वीसपट.

ओव्हरटाइमच्या बाजूला चित्र इतकं स्वच्छ नाही. नव्या कामगार संहितांखालच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० मध्ये आला, त्यात पंधरा ते तीस मिनिटांचं जादा काम तीस मिनिटं धरावं असं सुचवलं होतं. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक झालं, कारण हा पूर्णांक कामगाराच्या बाजूचा आहे. पण घाटंजीच्या बाईला त्याचा उपयोग शून्य. तिची रोजची चार-सहा मिनिटं पंधराच्या खालीच संपतात. दिवसापुरता हिशोब केला की ती दिसत नाहीत, महिन्याची बेरीज केली की दोन तासांच्या वर जातात.

म्हणून पूर्णांक कुठे केला जातो यावर सगळं अवलंबून आहे. प्रत्येक पंचाला केला तर बाईची २३० मिनिटं जातात. दिवसाच्या एकूण वेळेला केला तर सकाळचे पाच आणि संध्याकाळचे सहा मिळून अकरा होतात, तिला अकराऐवजी पंधरा मिनिटं मिळतात आणि कंपनी रोज तोट्यात जाते. हाही एक विचित्र प्रकारच. महिनाभराची खरी मिनिटं जशीच्या तशी जोडली आणि अगदी शेवटी एकदाच पाव तासाला आणली, तर चूक सात मिनिटांच्या पुढे जाऊच शकत नाही, मग गाडी कधीही येवो. संगणकाला ५२ वेळा जोडणं आणि एकदा पूर्णांक करणं यात काहीच जड नाही. पगारपत्रकावर दोन आकडे शेजारी छापले, मूळ मिनिटं आणि धरलेली मिनिटं, तरी वाद निम्मा मिटतो.

तपासायचं असेल तर एका महिन्याचे मूळ पंच मागावेत, पगारात धरलेल्या वेळा शेजारी लिहाव्यात, आणि फरकांची चिन्हासकट बेरीज करावी. बेरीज तासाभराच्या आत वरखाली असेल तर सोडून द्यावं. त्याच्या बरीच पुढे असेल, तर पंच एका जागी गोळा होत आहेत. त्यानंतर तो गोळा कुठे पडतो ते पाहावं. तो आठच्या आधी पडत असेल तर गेट आणि मशीन यांच्यामधली मिनिटं कामाची आहेत का, हा प्रश्न उरतो, आणि तो बेरजेने सुटत नाही. पंचिंगचं यंत्र गेटवरून काढून खात्याच्या दाराशी नेलं तर ७:५३ चा पंच ७:५८ चा होतो, चहाची मिनिटं बाहेर राहतात आणि जी आत येतात त्यांचे पैसे द्यायला मालकाकडे कारण मागण्याची गरज राहत नाही.